हाक आणि हेटाळणी

मुंबईच्या वस्तीचा इतिहास ज्याला ग्रंथांच्या आधारावाचून समजून घ्यावयाचा असेल, त्याने शीव कोळीवाड्यात एखादी सकाळ घालवावी. मूळचे रहिवासी कोळी. त्यांच्या वाड्यालगत फाळणीनंतर आलेले पंजाबी आणि सिंधी, ज्यांना सरकारने आधी छावणीत आणि मग 1950 च्या दशकात बांधलेल्या इमारतींत थारा दिला. धारावी आणि अँटॉप हिल यांच्या बाजूने पसरत आलेले तमिळ. जुन्या चाळी मोडकळीस आल्यामुळे प्रतीक्षा नगरच्या संक्रमण शिबिरात येऊन पडलेले गिरगाव-लालबागचे मराठी. आणि या सर्वांच्या दारांवरून हातगाड्या ढकलीत जाणारे जौनपूर, आझमगड, प्रतापगड या जिल्ह्यांतले लोक. रेल्वेच्या ज्या स्थानकाला आज गुरू तेगबहादूर नगर म्हणतात त्याचे जुने नाव कोळीवाडा, आणि शहरभरच्या उपाहारगृहांत 'प्रॉन्स कोळीवाडा' या नावाने जो पदार्थ मिळतो तो कोळणीच्या चुलीवर जन्मलेला नसून येथल्या पंजाबी निर्वासितांच्या कढईतून निघाला, असे येथे अभिमानाने सांगतात. या मतदारसंघाने 2014 पासून लागोपाठ तीनदा तमिळ सेल्वन या नावाचा आमदार विधानसभेत धाडला आहे. इतकी सरमिसळ झालेल्या ठिकाणी परक्याला नावे ठेवण्याची वहिवाट केव्हाच बुडाली असेल, अशी कोणाची समजूत होईल. वस्तुस्थिती अशी आहे की ज्या क्रमाने माणसे आली त्याच क्रमाने त्यांना नावे ठेवली गेली, आणि प्रत्येकाने आपल्या वाट्याचे नाव झेलून झाल्यावर पुढच्यासाठी एक नाव तयार ठेवले.

या लेखाचा विषय ती नावे हा नाही, कारण ती वाचकाला ठाऊक आहेत. नवा माणूस ती ऐकायला कसा शिकतो, हा आहे. अपमान झाला हे कळण्यासाठीही शिक्षण लागते, आणि हे शिक्षण कोणत्याही शाळेत मिळत नसल्यामुळे त्यात चुका फार होतात. बहुधा पहिली दोन-तीन वर्षे माणूस जेथे अपमान नाही तेथे पेटतो आणि जेथे आहे तेथे हसून मान डोलावतो.

माझ्या परिचयाचे एक भाजीवाले गृहस्थ आहेत. जौनपूर जिल्ह्यातले, वयाने साठीच्या घरातले, आणि सुमारे चाळीस वर्षे याच परिसरात हातगाडी लावणारे. नाव लिहू नये अशी त्यांची इच्छा आहे. चुलत्याच्या खोलीत, जेथे दहा-बारा माणसे पाळीपाळीने झोपत, ते वयाच्या विशीत उतरले, आणि पहिल्याच आठवड्यात परत मुलखाला जाण्याच्या विचारापर्यंत आले. कारण असे की एका पानवाल्याने, जो त्यांच्याहून वयाने लहान दिसत होता, त्यांना "तेरे को क्या मंगता?" असे विचारले. ज्या घरात धाकट्या मेहुण्यालाही 'आप' म्हणावयाची रीत, त्या घरातल्या मुलाला हा 'तू' म्हणजे भर रस्त्यात पागोटे उडवल्यासारखा वाटला. त्याच आठवड्यात त्यांना जो जो मराठी किंवा गुजराती माणूस भेटला त्याने 'भैया' अशी हाक मारली, आणि या हाकेने मात्र त्यांचे मन निवले. परमुलखात कोणी तरी थोरला भाऊ म्हणत आहे, ही गोष्ट त्यांनी पत्रात लिहून वडिलांना कळवलीसुद्धा.

दोन्ही ठिकाणी त्यांचा कान चुकला होता. मुंबईच्या हिंदीने आदरार्थी क्रियापदांची सगळी उतरंड मोडून टाकली आहे. येथे पोलिसाला, पुढाऱ्याला, प्रसंगी देवालाही 'तू' म्हणतात, आणि 'तेरे को' म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काहीच नसते. उलट 'भैया' हा शब्द येथे नात्यातून निसटून जातिवाचक झालेला. एके काळी तो दूधवाल्याला लावीत, पुढे टॅक्सीवाल्याला, भाजीवाल्याला, सुताराला, आणि शेवटी उत्तरेकडून आलेल्या कोणालाही, मग तो महाविद्यालयात शिकवीत का असेना. अवधी किंवा भोजपुरी बोलणाऱ्याच्या तोंडी 'भैया' आला की मागोमाग 'आप' येतो आणि क्रियापद आदराने वाकते. मुंबईत 'भैया'च्या मागोमाग 'ए' येतो, 'रे' येतो, आणि 'बाजूला हो' येते. शब्द तोच राहिला आणि त्याच्या भोवतीचा परिवार बदलला. आणि नवा माणूस शब्दाकडे पाहत असल्यामुळे परिवाराकडे त्याचे लक्ष उशिरा जाते.

त्या गृहस्थांचे लक्ष कसे गेले हे त्यांनी मला फार बारकाईने सांगितले. एका इमारतीच्या फाटकाशी ते गाडी लावून उभे होते. आतून एक सभ्य गृहस्थ आले आणि यांच्यापासून चार हातांवर उभे राहून पहारेकऱ्याला म्हणाले, "त्या भैयाला सांग, गाडी पुढे घे म्हणावं." भाषा मराठी, आवाज शांत, शिवी एकही नाही. पण समोर उभ्या असलेल्या माणसाविषयी तो तेथे नसल्याप्रमाणे बोलले गेले, आणि पहारेकऱ्यानेही, जो स्वतः प्रतापगडचा होता, मान वळवून "ए भैया" म्हटले. त्या दिवशी, ते म्हणाले, तो शब्द पहिल्यांदा त्यांच्या कानी पूर्ण ऐकू आला.

यानंतर त्यांनी स्वतःपुरते जे ठोकताळे बसवले, ते मला कोणत्याही भाषाशास्त्रीय प्रबंधापेक्षा विश्वसनीय वाटतात. समोरून आलेली हाक आणि पाठीमागे केलेला उल्लेख यांत ते भेद करतात. "भैया, भेंडी कशी दिली?" असे विचारणाऱ्या बाईंच्या हाकेत त्यांना काही खुपत नाही, तीही त्यांना नावाने ओळखत नाही आणि तेही तिला 'ताई' एवढेच म्हणतात, तेव्हा हिशेब फिटला. पण ज्याला आपले नाव दहा वर्षे ठाऊक आहे त्याने ते टाळून तीच हाक मारली, तर ते थांबून त्याच्याकडे पाहतात. आणि सर्वांत खात्रीची खूण अनेकवचनाची. वजनावरून वाद झाला आणि समोरचा "तू लबाड आहेस" म्हणाला, तर ते भांडण. "हे भैये असलेच" म्हणाला, तर भांडण संपले आणि दुसरेच काही सुरू झाले. एकट्या माणसावर रागावताना आपण निदान त्याची दखल घेतो. अनेकवचनात त्याला घातला की त्याचे उत्तर ऐकण्याची जबाबदारीही संपते. या कसोटीवर घासून पाहिले, तर आपल्या सुशिक्षित बैठकींतले पुष्कळसे निरुपद्रवी बोलणे नापास होईल, आणि बाजारातली पुष्कळशी कर्कश बोलणी पास होतील.

आणखी एक गोष्ट त्यांना शिकावी लागली, ती ऐकण्याची नसून बोलण्याची. पूर्वेकडच्या हिंदीत माणूस स्वतःला 'हम' म्हणतो. त्यात बडेजाव नसतो, बोलण्याची ती पद्धतच आहे. मुंबईत या 'हम'ची नक्कल होते. चहाच्या टपरीवर कोणी "हम का करी?" असे नाक दाबून म्हणतो आणि बाकीचे हसतात. नक्कल करणाऱ्याने कोणताही वाईट शब्द वापरलेला नसतो, म्हणून तिच्यावर आक्षेप घेता येत नाही, आणि घेतलाच तर विनोद न कळणारा म्हणून पुन्हा हसे होते. वर्षभरात ते 'मैं' म्हणू लागले, आणि पुढे 'अपुन'. गावी गेल्यावर आईने विचारले, हा कोण बोलतो आहे?

ही नकलेची जात जुनी आहे, आणि तिचा सगळ्यांत पद्धतशीर उपयोग ज्यांच्यावर झाला ते दक्षिणेकडचे लोक. 1961 च्या खानेसुमारीत बृहन्मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे 43 टक्के होते आणि दाक्षिणात्य भाषा बोलणारे दहा टक्क्यांच्या आत; पण कचेऱ्यांतल्या कारकुनी आणि लघुलेखनाच्या जागा त्यांच्या हाती आहेत, ही तक्रार मराठी मध्यमवर्गात धुमसत होती, आणि नोकरी शोधणाऱ्या मराठी तरुणाच्या दृष्टीने ती सर्वस्वी निराधार नव्हती. 'मार्मिक' हे साप्ताहिक 1960 साली निघाले. त्यात 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात. मथळा पुढे 'वाचा आणि उठा' झाला, आणि 19 जून 1966 रोजी शिवसेना स्थापन झाली. या याद्यांचे वैशिष्ट्य हे की त्यांत विशेषणांची गरजच नव्हती. अय्यर, नायर, राव, मेनन ही नावे एकाखाली एक छापली की पुरे. जे नाव आईबापांनी कौतुकाने ठेवले ते स्तंभात बसताच आरोपपत्र होई. लुंगी आणि पुंगी यांचे यमक जुळवणारी घोषणा त्याच काळातली, आणि ती भिंतींवरून उडुप्यांच्या खाणावळींपर्यंत पोहोचली तेव्हा दगडही तिच्याबरोबर पोहोचले.

अँटॉप हिलच्या बाजूस राहणारे एक निवृत्त तमिळ गृहस्थ त्या दिवसांत महापालिकेच्या शाळेत होते. वर्गातली मुले त्यांना पाहून 'यंडुगुंडू' म्हणत. हा मराठी भाषेतला आपण अद्याप न शिकलेला एखादा शब्द असेल, अशी त्यांची समजूत. ते तो वहीत लिहून ठेवीत आणि अर्थ कळण्याची वाट पाहत. मुलांची समजूत अशी की हा शब्द तमिळ आहे आणि याला तो नक्कीच समजत असणार. दोन्ही बाजू अनेक महिने एकमेकांच्या भाषेचा आदर करीत होत्या, असे म्हणण्याचा मोह होतो! अखेर घरी विचारल्यावर वडील हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते दादरला जाताना वेष्टी नेसेनासे झाले आणि विजार घालू लागले, एवढाच बदल मुलाच्या लक्षात राहिला. हेच गृहस्थ आज उत्कृष्ट मराठी बोलतात. 'मद्रासी' या शब्दाने त्यांना आता काही होत नाही, कारण मंगळूरच्या, पालघाटच्या आणि तिरुनेलवेलीच्या माणसांना एकाच शहराचे नाव लावणाऱ्याचा भूगोल कच्चा आहे, एवढेच ते त्यातून घेतात. मात्र गर्दीत कोणी अर्थहीन अक्षरे भरभर बडबडली, कोणत्याही भाषेतली असोत, की त्यांची मान अजून आपोआप वळते.

येथपर्यंत वाचून मराठी वाचकास असे वाटण्याचा संभव आहे की हे सारे प्रकरण आपण इतरांना काय म्हणतो याचे आहे. तसे नाही. 1921 च्या खानेसुमारीत मुंबई शहरातील दर पाच माणसांत चारांहून अधिक माणसे शहराबाहेर जन्मलेली निघाली, आणि त्यांतला फार मोठा भाग रत्नागिरीचा व घाटावरचा, म्हणजे आपलाच होता. गिरण्यांत, गोदीत आणि घरकामात आलेल्या या माणसांना शहराने 'घाटी' म्हटले. पारशी आणि गुजराती घरांत कोकणातून आलेल्या गड्याचे नाव गणपत असो की सखाराम, त्याला 'रामा' म्हणून हाक मारीत, आणि तो 'जी' म्हणून धावे. रामा हे देवाचे नाव, त्यात अपमान कसला, असा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता. विशेष हे की 'घाटी' हा शब्द केवळ इतर भाषिकांचा राहिला नाही. परळच्या चाळीत कोकण्याने तो साताऱ्याच्या माणसाला लावला, सातारकराने कोकण्याच्या चिकटपणाच्या गोष्टी रचल्या, आणि पुढे दादरमध्ये ब्लॉक घेतलेल्या त्यांच्याच मुलांनी तो नव्याने गावाहून आलेल्या चुलतभावाला वापरला. आजही गोव्यात कामाधंद्यासाठी गेलेल्या मराठी माणसाला तो ऐकावा लागतो. तेथे कर्नाटकातला मजूर आणि कोल्हापूरचा कारागीर या शब्दाखाली एकत्र येतात, आणि आपल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो बहुधा या शेजाराचाच.

मुलूख हा शब्दही सामाईक आहे. गिरणीतला मालवणी सणाला मुलखाला जाई, आणि जौनपूरचा भाजीवाला आजही 'मुलुक' जातो. दोघांच्याही मागे एक शेत, एक कर्ज आणि मनिऑर्डरीची वाट पाहणारी म्हातारी माणसे असत.

पंजाबी निर्वासितांचा अनुभव याहून थोडा निराळा, कारण त्यांना मिळालेले नाव सरकारी दप्तरातले होते. शरणार्थी म्हणजे आश्रयाला आलेला. शिधापत्रिकेवर आणि छावणीच्या दाखल्यावर या शब्दाला प्रतिष्ठा होती, कारण त्याच्या जोरावर निवारा मिळे. पण नळावर भांडण झाले की तोच शब्द 'रिफ्यूजी' होऊन अंगावर येई, आणि त्याचा अर्थ फुकट खाणारे असा होई. उत्तर हिंदुस्थानभर या लोकांनी त्याला उत्तर म्हणून स्वतःसाठी 'पुरुषार्थी' हा शब्द योजला होता, आणि कोळीवाड्यातल्या वृद्धांच्या बोलण्यात तो अजून सापडतो. अशा एका आजोबांनी मला सांगितले की येथल्या कोळणी त्यांच्या आईला मासळी देताना आधी पैसे मागत आणि मराठी गिऱ्हाइकाला मात्र नंतर दिले तरी चालत. आईला ही गोष्ट दोन वर्षांनी कळली, कारण सगळीकडे अशीच रीत असेल असे ती धरून चालली होती. बोललेल्या शब्दापेक्षा वागणुकीतला हा अपमान ओळखणे अधिक अवघड असते, कारण तुलनेला दुसरे गिऱ्हाईक शेजारी उभे असावे लागते. हे सांगून झाल्यावर त्याच आजोबांनी आपल्या इमारतीच्या जिन्यात झोपणाऱ्या मजुरांविषयी जे उद्गार काढले, ते सर्व अनेकवचनी होते.

शब्दाची धार तारखेवरही अवलंबून असते. 3 फेब्रुवारी 2008 रोजी शिवाजी पार्कच्या परिसरात महाराष्ट्र नवनिर्माण सेना आणि समाजवादी पक्ष यांच्या कार्यकर्त्यांत हाणामारी झाली आणि नंतरच्या दिवसांत टॅक्सीवाल्यांवर हल्ले झाले. त्याच वर्षी 19 ऑक्टोबरला रेल्वे भरतीच्या परीक्षेस आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली. त्या वर्षी, भाजीवाले सांगतात, रोजच्या बायकांनी मारलेली रोजचीच 'भैया' ही हाकसुद्धा त्यांना निराळी ऐकू येई, आणि एकदोघींनी ते ताडून तेवढे महिने त्यांना 'काका' म्हटले. 'परप्रांतीय' हा शब्द त्यांनी तेव्हाच प्रथम वाचला. तो त्यांना आजही नीट उच्चारता येत नाही, पण फलकावर दिसताच ओळखता येतो. 'लोंढे' हा त्याचा सोबती, जो माणसांना पाण्याची उपमा देतो, तोही.

हा प्रकार मुंबईपुरताच नाही. दिल्लीत ईशान्येकडच्या मुलामुलींना चेहऱ्यावरून ज्या नावाने हिणवतात ते सर्वश्रुत आहे. जानेवारी 2014 मध्ये लजपत नगरात नीडो तानियाम या अरुणाचलच्या विद्यार्थ्याच्या केसांवरून टिंगल झाली, मारहाण झाली आणि त्यात तो दगावला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने अशा हेटाळणीसाठी फौजदारी कायद्यात स्वतंत्र कलम घालावे अशी शिफारस केली. इटलीतही युद्धोत्तर काळात दक्षिणेकडून मिलान-तुरीनच्या कारखान्यांत आलेल्या कामगारांना 'तेर्रोने', म्हणजे मातीत राबणारा, असे म्हणत. आपल्या 'घाटी'चा हा सख्खा भाऊच म्हणावयाचा.

कायदा या बाबतीत काय करू शकतो, हे भाजीवाल्यांनी एकदा करून पाहिले आहे. भारतीय न्याय संहितेच्या 196 व्या कलमात, जे पूर्वी दंडविधानाचे 153 अ होते, जन्मस्थान, वास्तव्य आणि भाषा या कारणांवरून समूहांत वैर वाढवणे हा दखलपात्र गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण त्यासाठी वैर वाढवण्याचा हेतू दिसावा लागतो, आणि भाजीच्या गाडीपाशी एका माणसाने दुसऱ्याला काही म्हटले, यातून तो सिद्ध होणे दुरापास्त. शांतताभंग व्हावा अशा हेतूने केलेल्या अपमानासाठी 352 वे कलम आहे. ते अदखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या हुकमावाचून पोलीस तपास करू शकत नाहीत. घडले ते असे: एका तरुणाने गाडीची लोखंडी पारडी गटारात फेकली आणि फेकताना 'भैये' हा शब्द धरून दोन वाक्ये उच्चारली. भाजीवाले जवळच्या चौकीत गेले. हवालदाराने सहानुभूतीने ऐकून घेतले आणि विचारले, शिवी कोणती दिली? आईबहिणीवरून काही बोलला का? ते म्हणाले, नाही. मग नोंदीत 'किरकोळ कारणावरून वादावादी व शिवीगाळ' असे लिहिले गेले, अदखलपात्र नोंदीची प्रत हाती मिळाली आणि न्यायालयात दाद मागावी अशी समज देण्यात आली. पारडी दोनशे रुपयांची होती. तिचा उल्लेख राहिला, तो त्यांनी आग्रहाने घालून घेतला.

न्यायालयात ते गेले नाहीत. का, असे मी विचारले तेव्हा त्यांनी आधी धंद्याचा हिशेब सांगितला, की एक दिवस गाडी उभी राहिली तर पालेभाजी सगळी फुकट जाते. मग थोड्या वेळाने, कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता, मराठीत म्हणाले, "आणि साहेब, फिर्यादीत लिहायचं काय? मला भैया म्हणाला, असं?"